क्लासच्या सूचना आता चॅनेलवर

शिकवणीच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला सरांचा मेसेज येतो: 'उद्या दहावीची बॅच ५ ऐवजी ६.३० ला.' त्याखाली 'ओके सर', 'ओके', जोडलेले हात, 'नववीची पण का?', 'आमच्याकडे पाहुणे आहेत, उद्या नाही येणार' असे मेसेज लागतात. तेवढ्यात कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस असल्याचं कळतं आणि शुभेच्छा सुरू होतात. सकाळी 'शुभ सकाळ'ची चित्रं येतात. कामावरून परतणारी आई दुपारी बसमध्ये ग्रुप उघडते, तेव्हा न वाचलेल्या मेसेजचा आकडा शंभराच्या पुढे गेलेला असतो. ती शेवटचे आठदहा मेसेज पाहते आणि फोन बंद करते. मुलगा पाचला क्लासच्या बंद दाराशी जाऊन उभा राहतो.

चूक कुणाची म्हणायची? सरांनी वेळेत कळवलं होतं. आईनेही ग्रुप उघडून पाहिला होता. 'ओके' लिहिणाऱ्या पालकांना तर आपण सौजन्यच दाखवतोय असं वाटत होतं. सूचना आणि गप्पा एकाच जागी चालल्या की सूचना बुडते, आणि बुडाली हे कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच गेल्या काही वर्षांत शाळा, सोसायट्या आणि आता घरगुती क्लास चालवणारे शिक्षकही सूचनांसाठी वेगळी, एकतर्फी जागा शोधू लागले आहेत. तिथे शिक्षक लिहितात आणि पालक वाचतात. हा बदल फोनवर दोन मिनिटांत होतो. तो पालकांच्या सवयीत उतरवणं मात्र अवघड आहे, आणि तो उतरतो की फसतो हे बहुतेक वेळा बदल जाहीर करणाऱ्या त्या एका मेसेजवर ठरतं.

हिशेबासाठी एक नमुन्याचा क्लास घेऊ. आठवी, नववी आणि दहावी अशा तीन बॅच, मिळून ६४ मुलं. काही घरांतून आई आणि वडील दोघेही ग्रुपमध्ये, म्हणून ग्रुपमध्ये ११० नंबर. सरांच्या एका सूचनेवर चाळीस जणांनी फक्त 'ओके' लिहिलं, तरी प्रत्येक 'ओके' उरलेल्या १०९ फोनांवर जातं. म्हणजे एका ओळीच्या सूचनेपायी चार हजारांहून अधिक वेळा कुणाचा ना कुणाचा फोन वाजतो. आठवडाभर असं झालं की पालक ग्रुप म्यूट करतात. म्यूट केलेल्या ग्रुपवर पुढची महत्त्वाची सूचना आली, तर ती फोन आपणहून सांगत नाही. गर्दीच्या ग्रुपचं खरं नुकसान हे आहे. त्यातून होणारा त्रास थोडा वेळ टिकतो, पण म्यूट केलेला ग्रुप तसाच राहतो.

यावर सर्वांत सोपा आणि जुना उपाय व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्येच दिला. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिनला मेसेज पाठवता येईल असं ठरवता येतं. ग्रुप तोच राहतो आणि बाकीच्यांचं लिहिणं थांबतं. नवीन काही शिकावं लागत नाही, लिंक पाठवावी लागत नाही, आणि ग्रुपचे मेसेज पाठवणारा व वाचणारे यांच्यापुरते कूटबद्ध राहतात. साठ-सत्तर मुलांच्या क्लासला तेवढ्यानेही बरंच काम भागतं, हे आधीच सांगायला हवं. चॅनेल नवं आहे म्हणून तिकडे धावण्याची गरज नाही.

मग लोक चॅनेलकडे का वळतात? मुख्य कारण नंबर. ग्रुपमधल्या प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे मोबाइल नंबर दिसतात. अ‍ॅडमिनने लिहिणं बंद केलं तरी नंबर दिसायचे थांबत नाहीत. क्लासच्या ग्रुपमधून नंबर उचलून विमा, गुंतवणूक किंवा दुसऱ्या क्लासच्या जाहिराती पाठवल्या गेल्याची तक्रार पालक करतात, आणि अनोळखी माणसाचे रात्री-अपरात्री मेसेज आल्याची तक्रार विशेषतः आया करतात. व्हॉट्सअ‍ॅपची चॅनेल सुविधा जून २०२३ मध्ये कोलंबिया आणि सिंगापूरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतासह दीडशेहून अधिक देशांत आली. तिच्यात चॅनेल पाहणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, आणि चॅनेल चालवणाऱ्याचा नंबरही त्यांना दिसत नाही. टेलिग्रामवर चॅनेल २०१५ पासून आहेत. तिथे खासगी चॅनेल काढता येतं, प्रवेशासाठी अ‍ॅडमिनची परवानगी लागेल अशी लिंक देता येते, आणि प्रत्येक मेसेजखाली तो किती वेळा पाहिला गेला हा आकडाही दिसतो. क्लासच्या कामाला टेलिग्राम जास्त सोयीचं आहे, असं अनेक शिक्षकांचं मत असतं. पण दहावीच्या मुलांच्या फोनवर टेलिग्राम असतं आणि त्यांच्या आईच्या फोनवर बहुधा नसतं. सूचना पालकांसाठी असेल तर पालक जिथे आहेत तिथेच ती गेली पाहिजे, म्हणून बहुतेकांची निवड अखेर व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन थांबते.

या निवडीबरोबर तीन अडचणी येतात. बदल जाहीर करणाऱ्या मेसेजमध्ये त्यांची तरतूद केली नाही, तर चॅनेल ग्रुपपेक्षाही वाईट ठरतं.

पहिली अडचण आवाजाची. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल फॉलो केलं की त्याच्या सूचना मुळातच बंद असतात. चॅनेल उघडून वरच्या घंटीच्या खुणेवर बोट ठेवेपर्यंत नवा मेसेज आल्याचं फोन सांगत नाही. शिवाय चॅनेल नेहमीच्या चॅटच्या यादीत दिसत नाही. ते 'अपडेट्स' या वेगळ्या भागात, स्टेटसच्या खाली असतं. ज्या पालकाने हा भाग कधी उघडलाच नाही, त्याने फॉलो केलं काय आणि न केलं काय, सारखंच. म्यूट केलेल्या ग्रुपपासून सुटका म्हणून चॅनेल काढावं आणि ते जन्मापासूनच म्यूट असावं, हा धोका इथे खरोखर आहे.

दुसरी अडचण टिकण्याची. चॅनेलवरचे मेसेज कंपनी आपल्या सर्व्हरवर तीस दिवसांपर्यंतच ठेवते, असं चॅनेल सुरू करतानाच जाहीर झालं होतं. म्हणून जूनमध्ये टाकलेलं वर्षभराचं चाचण्यांचं वेळापत्रक ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या मुलाच्या पालकाला तिथे सापडेलच, असं गृहीत धरता येत नाही. असं वेळापत्रक कागदावर छापून द्यावं, किंवा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा टाकावं.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे: चॅनेल उघडं असतं. लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ते पाहता येतं आणि लिंक फॉरवर्ड व्हायला वेळ लागत नाही. ग्रुपप्रमाणे इथले मेसेज दोन टोकांपुरते कूटबद्ध नसतात. क्लासच्या शिक्षकाने चॅनेलवरचा प्रत्येक मेसेज क्लासबाहेरच्या फळ्यावर लिहिल्यासारखा धरावा. मुलाचं नाव, मार्क, फोटो, फीची बाकी, 'मुलींची बॅच रात्री साडेआठला सुटते' अशी वेळ, यातलं काहीही तिथे लिहू नये. वेळ कळवायचीच असेल तर 'बॅच क' एवढं पुरे. त्या बॅचच्या पालकांना ती कळते आणि बाहेरच्याला त्यातून काही मिळत नाही.

मार्कांबाबत तर आता सरकारी मार्गदर्शनही आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. क्लासमध्ये घेतलेल्या चाचणीचे निकाल जाहीर करू नयेत. ते गोपनीय ठेवून मुलाच्या प्रगतीचा अभ्यास करण्यासाठी वापरावेत आणि मागे पडणाऱ्या मुलाला समुपदेशन द्यावं, असं त्यात म्हटलं आहे. या सूचना पन्नासपेक्षा जास्त मुलं असलेल्या क्लासना उद्देशून आहेत. पण वीस मुलांच्या शिकवणीतल्या शेवटच्या नंबराच्या मुलालाही तितकंच वाईट वाटतं, म्हणून हा नियम तिथेही पाळायला हरकत नसावी. ग्रुपवर चाचणीच्या मार्कांची यादी टाकण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या क्लासमध्ये सर्रास आहे. ग्रुप सोडताना ती पद्धतही सोडली, तर या बदलाचा एवढाच फायदा झाला तरी तो मोठा म्हणावा लागेल.

आता तो मेसेज. नमुन्याच्या क्लासमधले सर तो असा लिहू शकतील:

'सर्व पालकांना नमस्कार. सोमवार, १५ जूनपासून क्लासच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर येतील. लिंक खाली दिली आहे. लिंक उघडून "फॉलो" दाबा आणि मग वरच्या घंटीवर बोट ठेवा. घंटी चालू केली नाही तर मेसेज आल्याचं फोन सांगणार नाही. नंतर चॅनेल पाहायचं असेल तर "अपडेट्स"मध्ये जा.

'चॅनेलवर चारच गोष्टी येतील: वेळेतला बदल, सुट्टी, चाचणीची तारीख आणि तिचा अभ्यास, फी भरण्याची तारीख. मार्क आणि फीची बाकी तिथे येणार नाही. ती ज्याची त्याला वेगळी कळवीन.

'चॅनेलवर उत्तर लिहिता येत नाही. मूल येणार नसेल किंवा काही विचारायचं असेल तर माझ्या नेहमीच्या नंबरवर मेसेज करा. रात्री ८ ते ९ या वेळात मी उत्तर देतो. तातडीचं असेल तर कधीही फोन करा.

'रविवार, २१ जूनपर्यंत सूचना दोन्हीकडे येतील. पुढचा आठवडा ग्रुपवर फक्त "चॅनेल पाहा" असं येईल. रविवार, २८ जूनला ग्रुप बंद होईल. चॅनेल सुरू झालं की मुलाच्या वहीत तशी सही करून पाठवा. जमत नसेल तर क्लासला या, फोनवर सुरू करून देतो.'

मेसेज लांब वाटेल, पण त्यातलं प्रत्येक वाक्य पुढे पडणाऱ्या एकेका प्रश्नाचं उत्तर आहे. घंटीचं वाक्य काढलं तर पहिली अडचण तशीच राहते. 'चारच गोष्टी' हे वाक्य पालकांइतकंच सरांसाठीही आहे. चॅनेल मोकळं आणि शांत दिसलं की त्यावर सुविचार, गुणवंतांचे सत्कार आणि नव्या बॅचच्या प्रवेशाची जाहिरात टाकायचा मोह होतो. ते सुरू झालं की पालक घंटी पुन्हा बंद करतात, आणि या वेळी गर्दी इतर पालकांनी नव्हे, तर शिक्षकांनीच केलेली असते. ठरवलेल्या चार गोष्टींच्या बाहेर एकही मेसेज टाकला नाही, तरच चॅनेलचा मेसेज आला की काही तरी महत्त्वाचं असणार, हा विश्वास टिकतो.

तारखांबद्दल एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. चॅनेलवर 'आज', 'उद्या', 'परवा' हे शब्द लिहूच नयेत. रात्री अकराला टाकलेला 'उद्या सुट्टी' हा मेसेज पालक सकाळी सातला वाचतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने 'उद्या' एक दिवस पुढे गेलेला असतो. 'बुधवार, ८ जुलै, बॅच क, ६.३० वाजता' असं वार, तारीख, बॅच आणि वेळ एकाच ओळीत लिहिलं की तो मेसेज कधीही वाचला तरी अर्थ बदलत नाही. पावसाळ्यात तर याची गरज दुप्पट होते. मुसळधार पावसात जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिल्याचे जुने मेसेज दरवर्षी पुन्हा फिरतात, कारण त्यात तारीख नसते किंवा ती कुणी पाहत नाही. 'शाळेला सुट्टी म्हणजे क्लासलाही सुट्टी का?' हा प्रश्न मग ग्रुपवर चाळीस जण विचारतात. चॅनेलवर सरांची तारीख घातलेली एक ओळ आली की विषय संपतो.

दोन आठवड्यांची मुदतही विचार करून ठेवावी लागते. पहिल्याच दिवशी ग्रुप बंद केला तर आठदहा पालक सुटून जातात. उलट ग्रुपवर पूर्ण सूचना येतच राहिल्या तर चॅनेलकडे जायची गरजच कुणाला वाटत नाही, आणि सरांना एकच मेसेज दोन ठिकाणी टाकत राहावं लागतं. म्हणून पहिला आठवडा दोन्हीकडे पूर्ण सूचना आणि दुसरा आठवडा ग्रुपवर नुसता इशारा, असा उतार ठेवलेला बरा. शेवटी ग्रुप डिलीट करायची घाई नको. त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं करावं, ग्रुपचं नाव बदलून 'बंद, चॅनेल पाहा' ठेवावं आणि माहितीच्या चौकटीत लिंक टाकून ठेवावी. उशिरा जागा झालेला पालक तिथे येतो आणि त्याला वाट सापडते.

किती पालक आले हे ओळखणं ग्रुपपेक्षा चॅनेलवर अवघड आहे. चॅनेलवर एकूण फॉलो करणाऱ्यांचा आकडा दिसतो, पण कोण आले नाही याची यादी त्यावरून काढता येत नाही. आकडा ७१ आहे, म्हणजे ६४ घरं आली असं मानलं तर फसगत होते. चार घरांतून आईवडील, आजोबा आणि मुलगा असे चौघे आले असतील आणि नऊ घरांतून कुणीच नसेल. म्हणून वहीतली सही. ही पद्धत जुनी आहे, पण इथे तिला पर्याय नाही: हजेरीपटासमोर वह्या घेऊन बसलं की ज्या घरांची सही आली नाही ती दहा मिनिटांत कळतात, आणि त्यांनाच फोन करता येतो. त्यानंतर एक चाचणी घ्यावी. चॅनेलवर एक साधा मेसेज टाकावा: 'ही सूचना दिसली असेल त्यांनी मुलाबरोबर गुरुवारी भूमितीची कंपासपेटी पाठवा.' गुरुवारी कंपासपेटी न आणलेली मुलं म्हणजे सूचना न पोचलेली घरं, निदान बरीचशी. त्यांच्या घरी घंटी बंद आहे असं समजून चौकशी करावी.

काही घरांत व्हॉट्सअ‍ॅपच नसतं, किंवा एकच फोन असतो आणि तो वडील कामावर घेऊन जातात. बटनांच्या फोनवर चॅनेल चालत नाही. अशा घरांची यादी वेगळी करून त्यांना साधा एसएमएस किंवा वहीत चिठ्ठी देण्याची जबाबदारी शिक्षकाचीच राहते. चौसष्टांत अशी पाच घरं असली तरी त्यांच्यासाठी वेगळी सोय असायलाच हवी; बाकीच्या एकोणसाठांना सोयीचं झालं म्हणून ती पाच घरं सोडून देता येत नाहीत. ज्या पालकांना वाचणं जड जातं, त्यांच्यासाठी लिखित ओळीबरोबर तीच सूचना सरांच्या आवाजात रेकॉर्ड करून टाकता येते. आवाज ओळखीचा असला की खोट्या मेसेजची शंकाही उरत नाही.

हा बदल झाला की पालकांच्या हातून काय जातं, याचाही विचार व्हायला हवा. ग्रुपवर 'ओके' आणि केकच्या चित्रांखेरीज काही कामाच्या गोष्टीही चालत होत्या. कुणी रिक्षा वाटून घ्यायला जोडीदार शोधत होतं, कुणी मुलाच्या बुडालेल्या दिवसाच्या वहीचा फोटो मागत होतं, कुणी जुनी पुस्तकं देत होतं. ते थांबू नये. पालकांनी आपला ग्रुप स्वतःच चालवावा, त्यात सरांना घेऊ नये आणि सरांनीही त्यात राहू नये, अशी विभागणी सर्वांना बरी पडते. ग्रुपमधल्या इतरांच्या मेसेजची जबाबदारी अ‍ॅडमिनवर येते की काय, ही शिक्षकांची जुनी धास्ती आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं की, संगनमत दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. तरीही अशा भांडणात मध्यस्थी करण्यात शिक्षकाचा वेळ जातोच, आणि तो वाचवण्यात गैर काही नाही.

तक्रारीचं काय, हा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. ग्रुपवर एका पालकाने लिहिलं, 'सर, बॅचमध्ये मुलं फार झाली आहेत, मागे बसलेल्यांना फळा दिसत नाही,' की आणखी चारजण 'हो, खरं आहे' म्हणतात आणि सरांना त्याची दखल घ्यावी लागते. चॅनेलवर हे होत नाही. तेच पाच पालक सरांना वेगवेगळे मेसेज करतात, प्रत्येकाला वाटतं की फक्त आपल्यालाच त्रास होतोय, आणि सरांनाही ती पाच सुटी माणसं वाटतात. फी वाढवल्याची सूचना चॅनेलवर टाकली आणि खाली कुणाला काही बोलताच आलं नाही, तर पालक ती गोष्ट मनात ठेवतात आणि पुढच्या वर्षी मूल दुसऱ्या क्लासला घालतात. एकतर्फी वाट सूचनांसाठी आहे. निर्णयांसाठी ती वापरली की विश्वास तुटतो. फी, बॅचची वेळ कायमची बदलणं, नवीन शिक्षक ठेवणं अशा गोष्टी आधी बैठकीत मांडाव्यात आणि मगच ठरलेला निर्णय चॅनेलवर लिहावा. ज्या क्लासने ग्रुप बंद केला, त्याने दर तिमाहीला पालकांची एक बैठक ठेवलीच पाहिजे आणि तिची तारीख त्या पहिल्याच मेसेजमध्ये दिली पाहिजे. वरच्या नमुन्यात ही ओळ नाही. ती घालणं उत्तम.

वैयक्तिक मेसेजचा भारही कमी लेखू नये. ग्रुप बंद झाला की जे प्रश्न ग्रुपवर विचारले जात होते ते सरांच्या खासगी चॅटमध्ये येतात, आणि पहिल्या महिन्यात ते इतके येतात की ग्रुप बरा होता असं वाटू लागतं. त्यावर एक साधी पद्धत उपयोगी पडते. एकच प्रश्न तीन पालकांनी विचारला, तर चौथ्याची वाट न पाहता त्याचं उत्तर चॅनेलवर टाकावं. 'चाचणीत प्रकरण चारमधली उदाहरणं आहेत का?' असं तिघांनी विचारलं, याचा अर्थ सूचनेत काहीतरी लिहायचं राहिलं होतं. अशा उत्तरांतून सूचना हळूहळू नेमक्या होत जातात आणि दुसऱ्या महिन्यापासून प्रश्न कमी होतात. रात्री आठ ते नऊ ही वेळ लिहिली असेल तर ती पाळावी. साडेदहाला एका पालकाला उत्तर दिलं की पुढे सगळेच साडेदहाला विचारू लागतात.

चॅनेलचा दुसरा अ‍ॅडमिन नेमायला विसरू नये. सरांचा फोन हरवला, ते आजारी पडले किंवा गावी रेंज नसली तर त्याच दिवशी सूचनेची सर्वांत जास्त गरज असते. घरातलं कुणी किंवा क्लासमधले दुसरे शिक्षक यांना तो अधिकार आधीच देऊन ठेवावा, आणि चारच गोष्टींचा नियम त्यांनाही सांगावा.

हा बदल करायला वर्षात दोन वेळा सोयीच्या असतात. एक जूनमध्ये, शाळा सुरू होताना: प्रवेशाचा अर्ज भरतानाच लिंकचा क्यूआर कोड समोर ठेवता येतो आणि पालक तिथेच उभे राहून घंटी चालू करतात. दुसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर, दुसरं सत्र सुरू होताना. जानेवारी-फेब्रुवारीत दहावीची पूर्वपरीक्षा, तोंडी आणि प्रात्यक्षिकं चालू असताना मात्र सूचनांची जागा बदलू नये; तेव्हा ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं एवढं सेटिंग करावं आणि चॅनेल पुढच्या बॅचपासून सुरू करावं.

चॅनेलची लिंक पालकांच्या हाती आलीच असेल, तर त्यांनी आजच चॅनेल उघडून वरची घंटी चालू आहे का ते पाहावं. घरातल्या दुसऱ्या पालकाच्या फोनवरही तेवढंच करावं.